आठ किलो हवा

महामार्गावर ट्रकच्या मागे अडकलेल्या माणसाला वाचायला भरपूर मजकूर मिळतो. आईवडिलांचा आशीर्वाद असतो, मुलांची नावं असतात, ‘हॉर्न ओके प्लीज’ असतं, आणि खाली एका कोपऱ्यात दमदाटीच्या सुरात लिहिलेलं असतं : ‘एअर ब्रेक, अंतर ठेवा’. मथितार्थ असा, की माझा ब्रेक इतका जबरदस्त आहे की मी जागच्या जागी थांबेन आणि तूच येऊन माझ्यावर आदळशील. मग घाटाखाली असाच एखादा ट्रक पुढच्या गाड्यांच्या रांगेत घुसतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, ‘ब्रेक निकामी झाल्याने भरधाव ट्रक...’. ज्या ब्रेकची पाटी रंगवून घेतली, तोच ऐन वेळी पळून गेला, असा एकूण सूर. पाटी आणि बातमी या दोन्ही साहित्यप्रकारांनी एअर ब्रेकवर अन्याय केला आहे, असं माझं मत आहे. हा ब्रेक पाटीत म्हटलंय तितका चपळ नाही, आणि बातमीत म्हटलंय तितका बेभरवशाचाही नाही. बहुतेक वेळा तो निकामी होत नाही, तो उताराच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत वापरून संपवलेला असतो. त्यात हवेचा दोष सगळ्यात कमी असतो.

आधी हवा करते काय ते पाहू. ट्रकच्या इंजिनाला एक कॉम्प्रेसर जोडलेला असतो. इंजिन फिरतं तोवर तो बाहेरची हवा ओढून चासीखालच्या टाक्यांमध्ये कोंबत राहतो. डॅशबोर्डवरचा काटा आठच्या आसपास गेला की भरणं थांबतं आणि जास्तीची हवा फुस्स करून बाहेर टाकली जाते. एसटी स्टँडवर उभ्या गाडीने अचानक सोडलेला तो सुस्कारा ऐकून फलाटावरची माणसं दचकतात, पण गाडीच्या दृष्टीने ती पोट भरल्याची ढेकर असते. आठ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला आठ किलो. मेकॅनिक लोक सरळ ‘आठ किलो हवा’ म्हणतात, जणू ती भाजीबाजारात तोलून मिळते. ड्रायव्हरने पायाखालचा ब्रेक दाबला की तो स्वतः काहीच दाबत नसतो. तो फक्त एक व्हॉल्व्ह उघडतो. टाकीतली हवा नळीतून प्रत्येक चाकाजवळच्या डब्यात शिरते. त्या डब्याला चेंबर म्हणतात आणि त्यात रबराचा एक पडदा ताणून बसवलेला असतो. मोठ्या ट्रकला सर्रास असणाऱ्या चेंबरमध्ये या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ तीस चौरस इंच, म्हणजे साधारण १९३ चौरस सेंटिमीटर असतं. सहा किलो हवा त्यावर टेकली की पडद्यामागचा दांडा साडेअकराशे किलोच्या जोराने बाहेर येतो. हे एका चाकाचं झालं. पायाच्या चवड्याने एवढं काम होतं म्हटल्यावर ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर जे राजेपण दिसतं, त्याचा उगम इथे आहे.

तो दांडा पुढे एका तरफेला ढकलतो. तिचं नाव स्लॅक ॲडजस्टर. तरफ एक शाफ्ट फिरवते, शाफ्टच्या टोकाला इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम असतो, आणि तो कॅम फिरला की ड्रमच्या आतले दोन ब्रेक-शू फाकून ड्रमला आतून घासतात. बस्स. एवढ्या सगळ्या हवेचा, नळ्यांचा आणि फुसफुसाटाचा शेवट जुन्या पद्धतीच्या घासाघाशीतच होतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी भानगड इथेच आहे. हवा गाडी थांबवत नाही. गाडी थांबवतं ते लायनर आणि ड्रम यांचं घर्षण, आणि हवा फक्त मागून ढकलायला उभी असते.

यावर कुणी म्हणेल, मग हवाच कशाला? मोटारीत ब्रेक ऑइल चालतं, ते दाबलं तरी आकसत नाही, पाय पडताच लायनर चिकटतं. हवा मुळात दबणारी, चंचल वस्तू. तिच्या भरवशावर पंचवीस टन माल सोडायचा म्हणजे जरा अतीच. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. हवेला नळीतून जायला आणि चेंबरमध्ये दाब चढायला वेळ लागतो, साधारण अर्धा सेकंद. ताशी साठच्या वेगाने त्या अर्ध्या सेकंदात ट्रक आठ मीटर पुढे गेलेला असतो, आणि या आठ मीटरांत ब्रेक पूर्ण जोराने लागलेला नसतो. तेव्हा ‘अंतर ठेवा’ ही पाटी खरं म्हणजे ट्रकच्या पुढच्या काचेवर, आतल्या बाजूने, ड्रायव्हरला वाचता येईल अशी लावायला हवी. पण उरलेला अर्धा आक्षेप टिकत नाही. ऑइल गळलं तर गेलेलं ऑइल परत येत नाही, आणि पेडल थेट फळीला टेकतं. हवा थोडी गळली तर कॉम्प्रेसर आणखी भरतो, कच्चा माल फुकट आणि अमर्याद आहे. शिवाय ट्रेलर जोडायचा-सोडायचा असेल तर दोन रबरी नळ्या अडकवल्या की काम झालं. तेलाच्या नळ्या रोज अशा जोडायच्या-सोडायच्या म्हटल्या तर प्रत्येक ट्रेलरमागे एक बादली घेऊन माणूस उभा करावा लागेल.

या यंत्रणेचा खरा स्वभाव मात्र हँडब्रेकमध्ये दिसतो. मागच्या चाकांचं चेंबर दुहेरी असतं. पुढच्या कप्प्यात तो रबरी पडदा, आणि मागच्या कप्प्यात एक जाडजूड स्प्रिंग, दाबून कोंबलेली. ही स्प्रिंग सतत ब्रेक लावायला टपलेली असते. तिला मागे रेटून धरायचं काम हवेचं. म्हणजे पायाचा ब्रेक हवेने लागतो, आणि हँडब्रेक हवेने सुटतो. टाकी रिकामी असेल तर उभा ट्रक आपसूक बांधलेला असतो, आणि पाच-सहा किलो हवा भरल्याशिवाय तो पूर्ण सुटत नाही. सकाळी ढाब्यावर ट्रक सुरू करून ड्रायव्हर दहा मिनिटं निवांत चहा पितो, तेव्हा पाहणाऱ्याला वाटतं की हा आळशी आहे. त्याचं प्रेशर बनायचं असतं. गाडीला पुढे जाण्यासाठीसुद्धा हवेकडून परवानगी घ्यावी लागते, अशी ही रचना आहे. तिच्यामागचा संशयी विचार रेल्वेतून आला. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन गृहस्थाने १८६९ साली रेल्वेसाठी हवेचा ब्रेक केला तेव्हा हवा भरली की ब्रेक लागे. डबा सुटला किंवा नळी तुटली तर हवा गेली, आणि हवेबरोबर ब्रेकही गेला. मग १८७२च्या सुमारास त्यानेच गणित उलटं केलं. नळीत दाब असेल तोवर गाडी मोकळी, आणि दाब गेला की ब्रेक लागलाच. सरकारी कचेरीत सही नसेल तर अर्ज नामंजूर, तशातली ही शिस्त. फक्त इथे त्या शिस्तीने माणसं वाचतात.

ट्रकने ही शिस्त निम्मीच उचलली, हे मात्र मान्य करायला हवं. नळी फुटली तर स्प्रिंग मागची चाकं धरते, पण पायाच्या ब्रेकला हवा हवीच असते. म्हणून टाक्या आणि नळ्या पुढच्या-मागच्या अशा दोन वेगळ्या मंडलांत वाटलेल्या असतात, एक गेलं तरी दुसरं उरावं म्हणून. डॅशबोर्डवर त्यासाठीच दोन काटे असतात. दाब खाली आला की लाल दिवा लागतो आणि बझर वाजू लागतो. पुष्कळ केबिनमध्ये हा बझर वायर काढून शांत केलेला आढळतो, कारण तो गाण्यात व्यत्यय आणतो. संशयी यंत्र एका बाजूला आणि श्रद्धाळू माणूस दुसऱ्या बाजूला, असा हा संसार आहे.

आता मुख्य आक्षेप. एवढी खबरदारी असताना घाटात ट्रक सुटतात कसे? उत्तर हवेत नाही, उष्णतेत आहे. वर चढलेल्या वजनाला खाली उतरताना आपली सगळी ऊर्जा कुठे तरी टाकावीच लागते. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण पाचशे मीटरची उतरण धरा आणि मालासकट ट्रक पंचवीस टनांचा धरा. ही ऊर्जा साधारण चौतीस युनिट भरते. विजेच्या बिलातलेच युनिट. दोन किलोवॅटचा घरगुती गीझर सलग सतरा तास चालू ठेवला तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी उतरण्याच्या वीस-पंचवीस मिनिटांत कुठे तरी जायला हवी. तिचा काही भाग वाऱ्याला आणि टायरच्या घसटीला जातो. खालच्या गिअरमध्ये गाडी असेल तर मोठा वाटा इंजिन उचलतं, आणि एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तोही हातभार लावतो. पण गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर उरलेलं सगळं त्या सहा-दहा ड्रमांच्या माथी येतं. उतारावर सतत हलका पाय ठेवून येणारा ड्रायव्हर आपण काही जोरात ब्रेक मारला नाही असं शपथेवर सांगू शकतो, आणि ते खरंही असतं. हिशोब जोराचा नाही, एकूण ओतलेल्या उष्णतेचा आहे.

ड्रम तापला की दोन गोष्टी होतात. पहिली सगळ्यांना माहीत आहे : लायनरची पकड कमी होते, जळका वास येतो, धूर निघतो. दुसरी जास्त बेरकी आहे. ओतीव लोखंड तापलं की फुगतं. साधारण ४१० मिलिमीटर व्यासाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास जवळपास सव्वा मिलिमीटरने वाढतो, म्हणजे लायनरपासून ड्रमची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त लांब सरकते. त्यात काय एवढं, असं वाटेल. पण मधली तरफ आणि कॅम मिळून हा हिशोब दहा-बारा पट करतात. शूला तेवढं जास्त चालायचं असेल तर चेंबरमधल्या दांड्याला सात-आठ मिलिमीटर जास्त बाहेर यावं लागतं. आता या चेंबरच्या दांड्याची एकूण धाव ६४ मिलिमीटर असते, आणि ५० च्या पुढे गेला की ब्रेक आवळून घ्यावा असा नियम आहे. ज्या गाडीत लायनर झिजून आणि स्लॅक ढिला पडून दांडा थंड असतानाच ५५ मिलिमीटर बाहेर येतोय, ती सपाट रस्त्यावर झकास थांबते. गॅरेजच्या दारात तर ती आदर्श वागते. घाटात ड्रम फुगला की तोच दांडा ६२-६३ वर जातो, लायनरचाही काही भाग जळालेला असतो, आणि दांडा डब्याच्या तळाशी टेकतो. मागे आठ किलो हवा उभी आहे, काटा हिरव्या पट्ट्यात आहे, बझर गप्प आहे, आणि शू ड्रमला नुसता स्पर्श करून परत येतोय. ब्रेक दाबला तर जातो आहे, पण गाडी ऐकत नाही, असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा तो थापा मारत नसतो.

मग तो काय करतो? माणूस म्हणून जे सुचेल तेच, म्हणजे पेडल सोडून पुन्हा दाबतो, आणि पुन्हा, आणि पुन्हा. ऑइलच्या ब्रेकवर गाडी शिकलेल्याला पंप मारणं हा शहाणपणाचा उपाय वाटतो. एअर ब्रेकमध्ये प्रत्येक वेळी पेडल सोडताच त्या चेंबरांतली सगळी हवा बाहेर टाकली जाते आणि पुढच्या दाबाला टाकीतून नवी हवा घ्यावी लागते. युरोपातल्या नियमावलीत अपेक्षा अशी आहे की टाक्या नव्याने न भरता पेडल आठ वेळा पूर्ण दाबून सोडलं, तरी नवव्या वेळेला संकटातून सोडवण्याइतका ब्रेक लागला पाहिजे. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने माणसाच्या घाबरटपणासाठी आठ लाथा मोजून ठेवल्या आहेत. दहावी त्याच्या हिशोबात नाही. गाडी गिअरमध्ये असती तर इंजिन वेगाने फिरून कॉम्प्रेसरही जोरात चालला असता. न्यूट्रलमध्ये इंजिन रेंगाळत फिरतं आणि हवा हळूहळू भरते. इंजिनच बंद केलं असेल तर हवा भरण्याचा प्रश्नच मिटतो, आणि वर पॉवर स्टिअरिंगही जड होतं. अडचण ब्रेकची आहे असं वाटत असताना वळणसुद्धा हातातून जातं.

इथे एक आक्षेप रास्त आहे : स्प्रिंग आहे ना, ती का वाचवत नाही? दाब खाली गेला की ती नियमाप्रमाणे पुढे येतेच. पण ती येते मागच्या चाकांवर, त्याच तापलेल्या ड्रमांवर, आणि त्याच सैल तरफेतून. त्यातही स्प्रिंग जितकी सुटत जाते तितका तिचा जोर कमी होतो, आणि दांड्याला जास्त बाहेर यावं लागणं म्हणजे स्प्रिंगला जास्त सुटावं लागणं. उभा ट्रक जागेवर धरायला बनवलेल्या वस्तूकडून सुटलेल्या ट्रकला अडवायची अपेक्षा करणं, म्हणजे वॉचमनने दरोडेखोरांशी तलवारबाजी करावी असं म्हणणं. तो बिचारा नोकरीच्या अटीत बसेल तेवढं करतो.

राहिला डिझेलचा मुद्दा, कारण न्यूट्रलच्या बाजूने दिला जाणारा हा एकमेव युक्तिवाद आहे आणि तो इतक्या ठामपणे दिला जातो की ऐकणाऱ्याला त्यात तथ्य वाटू लागतं. उतारावर इंजिन कशाला जाळायचं, गाडी आपोआप जातेय ना! पण गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरणाऱ्या आजच्या इंजिनात डिझेलच सोडलं जात नाही. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, म्हणून इंजेक्शन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायचं असतं, त्यामुळे ते तासाला दीड-दोन लिटर पितच राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये टाकलेली गाडी डिझेल वाचवत नाही, उलट जाळते, आणि ब्रेकही जाळते. इंजिन बंद केलं तरी बचत होते ती न्यूट्रलच्या तुलनेतच, वीस मिनिटांच्या उतारासाठी अर्धा-पाऊण लिटर. त्या रकमेत एक बरा चहा-नाश्ता होतो. ड्रायव्हरला दोष देणं सोपं आहे, तरी डिझेलच्या मोजमापावर पगार कापणारा मालक, लायनरच्या पैशांना टाळाटाळ करणारा मालक आणि मंजुरीपेक्षा जास्त माल चढवणारा मालक हे बहुधा एकच गृहस्थ असतात, आणि ते घाटात केबिनमध्ये बसलेले नसतात. ड्रायव्हर तेवढं मोजूनमापून ओझं उतरवतो, पण ते ओझं कुणी चढवलं हे विचारायची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार या सगळ्याचं प्रात्यक्षिक नियमितपणे दाखवतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याची बातमी आली. पुढे गाडी इंजिन बंद ठेवून उतारावर सोडली होती, असं पोलिसांच्या तपासातून सांगण्यात आलं. ब्रेक निकामी झाला म्हणणारा आणि ब्रेक ठीक होता म्हणणारा यांच्यात एकाला खोटं ठरवायची घाई अशा वेळी होते. प्रत्यक्षात दोघेही खरं बोललेले असू शकतात. मोटार वाहन निरीक्षक येईपर्यंत ड्रम निवलेला असतो, फुगलेली भिंत आपल्या जागी परत आलेली असते, इंजिन सुरू केलं की टाकीत आठ किलो हवा भरते, पेडल दाबलं की दांडे सुतासारखे बाहेर येतात आणि गाडी शहाण्यासारखी थांबते. थंड ब्रेक कधी काही कबूल करत नाही. त्यामुळे पेडल दाबून पाहण्यात अर्थ नाही, चाकाखाली वाकून पाहावं लागतं. लायनर काचेसारखं चकचकीत झालंय का, ड्रमच्या आतल्या पृष्ठावर निळसर डाग आणि केसासारख्या भेगा आहेत का, ब्रेक सुटलेला असताना दांड्यावर चेंबरच्या तोंडाशी खडूने रेघ मारून, मग पेडल दाबायला लावून रेघ किती बाहेर आली ते मोजलं का. एक माणूस केबिनमध्ये आणि एक खाली, सगळ्या चाकांचं काम अर्ध्या तासात होतं. कोणत्याही चाकावर रेघ पन्नास मिलिमीटरपेक्षा पुढे गेली असेल, तर त्या चाकाचा ब्रेक घाटाच्या वरच्या टोकालाच संपत आलेला होता, फक्त ते कुणाला दिसलं नव्हतं.